मुदत उलटल्यावर पूर्ण पैसे मागणाऱ्या ग्राहकाला काय लिहायचं

प्रश्न: मी येवल्याच्या पैठण्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि छोट्या वेबसाइटवरून विकते. एका ग्राहकाने १२,५०० रुपयांची साडी घेतली. साडी मिळून २३ दिवस झाल्यावर त्या पूर्ण पैसे परत मागत आहेत. आमची मुदत ७ दिवसांची आहे आणि साडीला काहीही केलेलं नको अशी अट आहे. त्यांनी फॉल-पिको करून घेतलंय, ब्लाउजपीस कापलेला नाही. कारण एवढंच की सुनेला रंग पसंत पडला नाही. "पैसे नाही दिलेत तर सगळीकडे लिहीन" असंही म्हणाल्या. पैसे देणं परवडत नाही, पण ग्राहकही तोडायचा नाही. उत्तर काय लिहू?

उत्तर:

उत्तर लिहायच्या आधी दोन कामं करा. ही मागणी खरोखर नियमाबाहेरची आहे का ते तपासा, आणि ती साडी परत आली तर आज तुम्हाला तिचे किती रुपये होतील ते कागदावर मांडा. बहुतेक उत्तरं बिघडतात ती भाषेमुळे नाही, तर ही दोन कामं न करता लिहिल्यामुळे. मग नकारही डळमळीत येतो आणि पर्यायही "पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट" असा पोकळ निघतो.

आधी तपासणी. सात दिवसांची अट ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वी दिसली होती का? वेबसाइटच्या तळाशी एका पानावर ती आहे एवढं पुरेसं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर झाली असेल तर त्या संभाषणात अट पाठवली होती का ते वर जाऊन बघा, आणि बिलावर छापली आहे का तेही बघा. दिवस मोजायचे ते कुरिअरने साडी हातात दिली त्या तारखेपासून, ऑर्डरच्या तारखेपासून नाही. बिलाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर कायदा ३० दिवस धरतो. म्हणजे तुमच्या बिलावर सात दिवसांचा उल्लेख नसेल आणि साडीत खरोखर दोष असेल, तर २३व्या दिवशी मुदत संपलेली नाही.

दुसरा तपास रंगाचा. "सुनेला रंग पसंत नाही" आणि "फोटोतला रंग वेगळा होता" ही वाक्यं जवळची वाटली तरी पहिल्यात मन बदललंय आणि दुसऱ्यात माल वर्णनाप्रमाणे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तिथे तुमची सात दिवसांची अट पुढे करू नका. पैठणीत हा प्रश्न नेहमी येतो, कारण उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असला की कापड धूपछांव होतं. मोरपंखी साडी एका कोनातून निळी आणि दुसऱ्या कोनातून हिरवी दिसते. तुमच्या पानावर एकाच कोनातला, पिवळ्या दिव्याखालचा फोटो असेल तर ग्राहकाच्या तक्रारीत दम आहे. शंका असेल तर एकच गोष्ट मागा: साडी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढलेला फोटो. जरी काळवंडली आहे का, काठाला धागा सुटलाय का, हेही त्यात दिसतं. दोष निघाला तर पर्याय वगैरे न सुचवता पूर्ण पैसे द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून इथे मन बदललंय. तेव्हा आता हिशोब.

फॉल-पिको झालेली साडी नवी म्हणून विकता येत नाही. फॉल उसवला तरी खालच्या काठावर सुईच्या भोकांची रांग राहते आणि रेशमात ती बुजत नाही. पण म्हणून साडी वाया गेली असंही नाही. फॉल-पिको तयार असलेली, न नेसलेली पैठणी थोड्या कमी किमतीत हवी असणारे ग्राहक असतात, कारण त्यांचे फॉल-पिकोचे पैसे आणि शिंप्याकडची खेप वाचते. तेव्हा उसवू नका, आहे तशीच खरं सांगून विका. ब्लाउजपीस कापलेला नाही हे इथे फार मोलाचं आहे. तो कापला असता तर पुढचा ग्राहक स्वतःच्या मापाचं शिवू शकत नाही आणि किंमत जवळपास कोसळते.

समजा विणकराला तुम्ही ९,००० दिले होते. १५ टक्के कमी करून साडी साधारण १०,६०० ला जाईल. त्यातून परतीचं कुरिअर १५०, पॉलिश-इस्त्री २५० आणि दुसऱ्या विक्रीवर पेमेंट गेटवेचं कमिशन, म्हणजे २ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून आणखी २५० वजा करा. हाती ९,९५० राहतात. पहिल्या विक्रीवर कापलेलं कमिशन सहसा परत मिळत नाही, पण ते आधीच गेलेलं आहे. आकडे तुमचे वेगळे असतील, पण मांडणी अशीच ठेवा.

आता चित्र साफ दिसतं. त्यांना पूर्ण १२,५०० दिले तर तुमचं नुकसान साडेबारा हजारांचं नाही, साधारण २,५५० चं आहे. हे कळलं की घाबरून कडक उत्तर लिहिलं जात नाही. दुसरं, आज ती साडी तुमच्यासाठी सुमारे दहा हजारांची आहे, म्हणून त्याच्या आसपासचा पर्याय न्याय्य आहे आणि चार हजारांचा अन्याय्य. तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: रोख एक रुपया दिला की तुमचा पूर्ण एक रुपया जातो, पण पुढच्या खरेदीत वापरायची एक रुपयाची खरेदी-जमा दिली तर तुमचे फक्त ७२ पैसे जातात, कारण १२,५०० च्या मालाला तुम्हाला ९,००० पडतात. ११,००० ची जमा म्हणजे तुमच्या दृष्टीने ७,९२० चा माल. म्हणून रोखीत घट्ट राहा, जमेत हात सैल सोडा. त्यांना दहा हजार रोख देण्यापेक्षा अकरा हजारांची जमा त्यांनाही जास्त वाटते आणि तुम्हालाही हलकी पडते.

काही ग्राहकांना मात्र खरंच दुसरी साडी नको असते, पैसेच हवे असतात. त्यांच्यासाठी दुसरा पर्याय तयार ठेवा: साडी तुमच्याकडे ठेवून त्यांच्या वतीने विकून देणं. १०,६०० ला विकली गेली की त्यांना ९,५०० आणि खर्च जाऊन तुम्हाला ४५० उरतात. विकली गेली तरच पैसे, आणि ६० दिवसांत नाही विकली तर साडी तुमच्या कुरिअर-खर्चाने परत. यापेक्षा जास्त पर्याय देऊ नका. तीन-चार पर्याय समोर आले की ग्राहकाला वाटतं अजून ताणलं तर पाचवा निघेल.

पुढच्या खरेदीवर सूट हा इथे पर्याय होत नाही. ती मिळवायला त्यांना आणखी पैसे काढावे लागतात, आणि नको असलेली साडी त्यांच्याच कपाटात राहते. त्यांची अडचण जिथल्या तिथेच आहे, म्हणून तो मेसेज वाचून राग वाढतो.

आता मेसेज. तुम्ही त्यांना आजवर जसं संबोधलं असेल तसंच संबोधा. काकू म्हणत असाल तर आज एकदम मॅडम म्हणू नका, तो थंडपणा लगेच जाणवतो.

"काकू, नमस्कार. तुमचा मेसेज नीट वाचला. सुनेसाठी हौसेने घेतलेली साडी तिला आवडली नाही, म्हणून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे.

पूर्ण पैसे परत देणं मला शक्य होणार नाही. साडी ५ तारखेला तुम्हाला मिळाली, परत करायची मुदत १२ तारखेपर्यंत होती, आणि फॉल-पिको झाल्यावर ती नवी म्हणून विकता येत नाही.

पण साडी तुमच्याकडे पडून राहावी असं मलाही वाटत नाही. दोन मार्ग आहेत. पहिला: साडी पाठवा, मी ११,००० रुपये तुमच्या नावावर जमा धरते. सहा महिन्यांत कोणतीही साडी घ्या, सुनेला व्हिडिओ कॉलवर स्वतः रंग निवडू दे. फॉल-पिको झालेली साडी साधारण १,९०० रुपये कमी किमतीत विकावी लागते, त्यातला काही भाग मी सोसते, म्हणून १,५०० कमी धरलेत. दुसरा: रोखच हवे असतील तर साडी मी तुमच्या वतीने विकते. विकली की ९,५०० तुमच्या खात्यात. ६० दिवसांत नाही विकली तर माझ्या खर्चाने परत.

दोन्हीसाठी साडी नेसलेली नसावी आणि ब्लाउजपीस अखंड असावा. कुरिअर मी पाठवते. पुढच्या रविवारपर्यंत कोणता मार्ग ते कळवाल का?"

यातला नकार दुसऱ्याच परिच्छेदात आहे आणि एका वाक्यात आहे. तो खाली ढकलला की ग्राहक सगळा मेसेज आशेने वाचत जातो आणि शेवटी दुप्पट चिडतो. "बघते", "विचारून सांगते" असले शब्द टाळा. दुकान तुमचं आहे हे त्यांना माहीत आहे. उद्या पुन्हा नकार द्यावा लागला तर तो फसवणुकीसारखा वाटतो. "आमच्या पॉलिसीत बसत नाही" हेही एकटं लिहू नका. पॉलिसी तुम्हीच केली आहे, त्यामुळे ते ऐकायला कारण वाटत नाही. मुदतीच्या तारखा आणि साडीची आजची स्थिती ही कारणं आहेत, ती लिहा. फॉल-पिको त्यांनी का केलं, आधी रंग दाखवायला नको होता का, हे मात्र एका अक्षरानेही सुचवू नका.

दीड हजार का कापले ते एका ओळीत सांगितलंच पाहिजे. कारण नसलेला आकडा ग्राहकाला बाजारातला भाव वाटतो, आणि भावावर घासाघीस होते. कारण असलेल्या आकड्यावर क्वचित होते. तुम्ही काही भाग सोसताय हेही त्याच ओळीत आलं पाहिजे, वेगळं उपकाराचं वाक्य म्हणून नाही. उत्तराची मुदतही पर्यायासोबत असू द्या. ती नसेल तर तीन महिन्यांनी नेसलेली साडी येते आणि "तुम्हीच ११,००० म्हणाला होतात" हे ऐकावं लागतं.

हा मेसेज हिशोब होईपर्यंत पाठवू नका, पण त्यांना ताटकळतही ठेवू नका. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा, हे ऑनलाइन विक्रीच्या नियमांतही आहे. "मेसेज मिळाला, साडीचे तपशील बघून उद्या संध्याकाळपर्यंत लिहिते" एवढी पोच पुरते. लेखी उत्तर गेल्यावर हवं तर फोन करा, पण आधी फोन नको. फोनवर आकडे निसटतात आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात.

त्या ऐकल्या नाहीत आणि पुन्हा "पूर्ण पैसेच" म्हणाल्या, तर दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा लहान असावं: "काकू, पूर्ण रोख परत शक्य नाही, हे मी आधी कळवलं आहे. वरचे दोन्ही मार्ग रविवारपर्यंत खुले आहेत. त्यापैकी काही ठरवलंत तर मी उद्याच कुरिअर पाठवते." आकडा वाढवू नका. दुसऱ्या मेसेजला ११,००० चे ११,५०० झाले तर तुम्ही त्यांना शिकवलंत की ताणलं की मिळतं, आणि पहिला आकडा न्याय्य नव्हता असंही कबूल केलंत. वाढवायचाच असेल तर नवं कारण हवं, जसं की नेहमी १५ टक्के कमी करून विकता, पण या साडीला आत्ताच ११,२०० चं गिऱ्हाईक मिळालं. नवं कारण देऊन वाढवलेला आकडा त्यांना प्रामाणिक वाटतो.

रिव्ह्यूच्या धमकीला मेसेजमध्ये जागाच देऊ नका. "वाईट लिहिणार नाही असं सांगा, मग ११,००० देते" हे वाक्य तर कधीच लिहू नका. त्याचा स्क्रीनशॉट कुठल्याही वाईट रिव्ह्यूपेक्षा जास्त नुकसान करतो, आणि पर्याय न्याय्य होता हा तुमचा मुद्दाही त्याने संपतो. त्यांनी लिहिलंच तर खाली तीन ओळींचं उत्तर द्या: साडी कधी मिळाली, मुदत काय होती, काय देऊ केलं होतं. त्यांचं नाव, गाव किंवा सुनेचा उल्लेख त्यात नको. ते उत्तर वाचणारे बाकीचे ग्राहक न्यायाधीशासारखे वाचतात, आणि ११,००० चा आकडा त्यांना दिसला की बहुतेकांचं मत तिथेच ठरतं.

त्या पुढेही गेल्या तर काय होऊ शकतं, ते माहीत असू द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार गेली तर तुमच्याकडे विचारणा येऊ शकते, तेव्हा हाच मेसेज जोडायचा. जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक आता स्वतः राहतो तिथूनही तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते. म्हणजे त्या नागपूरला असतील तर तुम्हाला येवल्याहून नागपूरच्या आयोगाला उत्तर द्यावं लागेल. पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडेही वाद नोंदवता येतो, आणि मग गेटवे तुमच्याकडून थोड्या दिवसांत पुरावे मागतो. बिल, अट दाखवल्याचा स्क्रीनशॉट, कुरिअरची पोचपावती आणि ही चर्चा एकाच फोल्डरमध्ये आजच ठेवा. वाद लागल्यावर शोधायला वेळ मिळत नाही. हे सगळं ग्राहकाला सुनावायचं मात्र नाही. "जा आयोगात" असं लिहिणारा विक्रेता तिथे गेल्यावर आधीच मागे पडलेला असतो.

त्यांनी होकार दिला की गडबड साडी परत येते त्या दिवशी होते. पार्सल फोडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ करा. साडी नेसलेली आहे का ते तीन ठिकाणी कळतं. खांद्यावर पदराला पिनेची भोकं, कमरेपाशी निऱ्यांच्या उभ्या घड्या आणि घामाचा किंवा अत्तराचा वास. शिंप्याकडच्या घड्या वेगळ्या असतात, त्या आडव्या आणि संपूर्ण साडीभर सारख्या असतात. नेसलेली निघाली तर फोटो पाठवून लिहा की साडी ठरलेल्या अटीत बसत नाही आणि ती परत पाठवताय. तिथल्या तिथे कमी रक्कम ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो, पण नेसलेल्या पैठणीला नवी किंमत कशी लावणार?

सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी जमेचा मेसेज पाठवा: रक्कम, शेवटची तारीख, ती दोन खरेद्यांत विभागून वापरता येईल का, आणि सवलतीच्या साड्यांवर चालेल का. या शेवटच्या दोन गोष्टी आधी न सांगितल्यामुळे नवं भांडण सुरू होतं. शक्य असेल तर दोन्हीला हो म्हणा. जमेची रक्कम तुमच्या वहीत देणं म्हणून लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत ती विसरली जाते. जीएसटी नोंदणी असेल तर परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट आणि नव्या साडीचं वेगळं बिल लागतं. कापलेले १,५०० त्यात कसे दाखवायचे ते सीएला आधीच विचारून घ्या.

कधीकधी नियमाबाहेर जाऊनही पूर्ण पैसे द्यावेत. अट आधी दाखवल्याचा पुरावा तुमच्याकडे नसेल, घरात दुःखद प्रसंग घडून लग्नच मोडलं किंवा पुढे गेलं असेल, किंवा वर्षानुवर्षं घेणारा ग्राहक पहिल्यांदाच मागत असेल, तर अडीच हजारांचा हा खर्च सोसण्यासारखा आहे. तसं केलंत तर "या वेळेपुरतं, या कारणासाठी" असं लिहूनच द्या, आणि सगळे पैसे द्या. अर्धवट उदारपणाने पैसेही जातात आणि ग्राहकही समाधानी होत नाही.

आणि पुढच्या ऑर्डरपासून एक छोटी चिठ्ठी साडीच्या पिशवीला पिनेने लावा: "फॉल-पिको करण्याआधी साडी दिवसाच्या उजेडात घरातल्यांना दाखवा. परत करायची असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा." तारीख पेनाने लिहायची, "सात दिवस" असं छापील नाही. मोरपंखी, जांभळी-हिरवी अशा धूपछांव साड्यांचे दोन कोनांतले फोटो ऑर्डर पक्की करण्याआधीच पाठवा, आणि ग्राहकाने "हाच रंग" असं लिहून कळवल्याशिवाय पेमेंट लिंक देऊ नका.